छत्रीमागे लपलेली कमान परत कशी आणायची?

गेटवे ऑफ इंडियाचा फोटो मनासारखा काढायचा म्हणजे पहाटे उठणं आलं. एरवी फ्रेममध्ये कुणाची तरी छत्री, खांब नाहीतर आईस्क्रीमची गाडी येणारच. छत्री पुसली, तर तिच्यामागे जे होतं ते कुठून आणायचं? त्याचं उत्तर बऱ्याचदा त्याच फोटोत असतं. मधे मोठी कमान आणि दोन्ही बाजूंना लहान कमानी, अशी ही इमारत डावी-उजवी सारखी आहे. उजवी लहान कमान झाकली गेली असेल, तर डावीकडची उसनी घ्यायची.

अडचण एकच. तुम्ही डावीकडून, तिरक्या कोनातून फोटो काढलाय, त्यामुळे डावी बाजू मोठी दिसते आणि उजवी लहान. समजा, दर्शनी भिंतीची डावी कड फोटोत १२०० पिक्सेल उंच आहे, उजवी ८०० आणि दोघींमधलं अंतर १५००. मग भिंतीचा मध्य ७५० वर येईल असं वाटतं ना? तसं नसतं. भिंतीच्या चारही कोपऱ्यांतून दोन कर्ण काढा, ते जिथे छेदतात तो खरा मध्य. इथे तो डावीकडून ९०० वर येतो. म्हणजे डाव्या अर्ध्याला ९०० पिक्सेल मिळाले आणि उजव्याला फक्त ६००. डावी कमान उचलून तशीच चिकटवली की ती खोटी का दिसते, ते यावरून कळेल.

म्हणून आधी भिंत समोरून पाहिल्यासारखी सरळ करायची. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये Photopea उघडा, फोटोची एक प्रत घ्या आणि तिच्यावर `Perspective Crop` वापरा. चार टोकं भिंतीच्या चार कोपऱ्यांवर नेमकी ठेवायची. कोपरे बरोबर पडलेत का, हे कर्णांवरून तपासता येतं. छेदबिंदूतून काढलेली उभी रेघ मोठ्या कमानीच्या शेंड्यातून गेली पाहिजे. जात नसेल तर पुढे जाऊ नका, कोपरे परत लावा.

सरळ झालेली भिंत समजा १६०० पिक्सेल रुंद आहे. आता मध्य खरोखरच ८०० वर. डावी लहान कमान २०० ते ४४० या पट्ट्यात असेल, तर उजवीची जागा ११६० ते १४००. तेवढा तुकडा नव्या लेयरवर घेऊन तिथे सरकवा.

पण थांबा, तो आरशासारखा उलटवायचा का? बहुतेक जण उलटवतात आणि तिथेच फसतात. तुम्ही डावीकडे उभे होतात, म्हणून प्रत्येक कमानीच्या आतली उजवी बाजू, म्हणजे भिंतीची जाडी, दिसते. तुकडा उलटवला की ती जाडी डावीकडे जाते, सावलीही चुकीच्या बाजूला पडते. लहान कमान स्वतःच दोन्हीकडून सारखी आहे, मग उलटवायची गरजच काय? नुसती सरकवा. उलटवणं लागतं ते भिंतीच्या टोकाजवळच्या भागाला, ज्याची डावी-उजवी बाजू वेगळी असते. तिथे सावली हाताने सुधारावी लागते. दुपारी ढगाळ हवेत काढलेल्या फोटोला हा त्रास फारसा होत नाही.

आता परतीचा प्रवास. ही दुरुस्त भिंत मूळ फोटोवर लेयर म्हणून आणा, `Edit > Transform > Distort` घ्या आणि तिचे चार कोपरे मूळ भिंतीच्या कोपऱ्यांवर ओढा. सगळं परत तिरकं होऊन जागेवर बसेल. मग मास्क लावून फक्त छत्रीची जागा ठेवा, बाकी मूळ फोटोच दिसू द्या, कारण दोनदा ताणलेली प्रतिमा थोडी मऊ पडते.

जवळच्या बाजूचा तुकडा दूर नेताना तो लहान होतो, म्हणून नीट दिसतो. उलट केलं, म्हणजे दूरची कमान जवळ आणली, तर ती ताणली जाऊन धूसर होते. आणि दगडावरचा एखादा ठळक डाग दोन्ही कमानींवर हुबेहूब दिसला की चोरी लगेच पकडली जाते. नव्या कमानीवरचे असे दोन-तीन डाग `Healing Brush` ने पुसून टाका.

ही युक्ती सपाट भिंतीपुरतीच आहे. पुढे आलेले मनोरे आणि वरचा घुमट वेगळ्या पातळीवर आहेत, ते या चार कोपऱ्यांच्या हिशेबात बसत नाहीत. मोठ्या कमानीच्या वरचा इंग्रजी शिलालेख झाकला गेला असेल, तरी ही युक्ती उपयोगाची नाही, कारण एका अर्ध्यातली अक्षरं दुसऱ्यात नसतातच. आणि इमारत सारखी दिसते म्हणून ती सारखी आहेच, असंही नाही. सीएसएमटीच्या प्रवेशद्वाराच्या दोन खांबांवर बघा: एकावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. तिथे कॉपी मारलीत तर दोन सिंह होतील, आणि मुंबईकर पहिल्या कमेंटमध्येच सांगेल.