तक्त्यातली सरळ रेषा

मोबाइलवर एका तक्त्याचा स्क्रीनशॉट आलेला असतो. डावीकडे मिनिटं, उजवीकडे गायगर गणकाने मोजलेले टिपके: १२३८, ६९९, ४२७, २६२, १४३, १०४. खाली प्रश्न एवढाच की या पदार्थाचं अर्धायुष्य किती? म्हणजे त्यातले निम्मे अणू विघटित व्हायला किती वेळ लागतो? पहिला मोह होतो तो १२३८ची निम्मी संख्या तक्त्यात शोधण्याचा. ६१९ दुसऱ्या आणि चौथ्या मिनिटाच्या मध्ये कुठेतरी येते, मग उत्तर अडीच मिनिटांच्या आसपास असं म्हणता येतं. हे उत्तर फारसं चूक नाही, पण त्यात सहापैकी दोन-तीन आकडेच कामी आले. बाकीचे आकडे काय सांगतात आणि मुळात ते विश्वासार्ह आहेत का, हे कळायचं असेल तर आकड्यांचे लॉगॅरिदम घ्यावे लागतात.

अशा तक्त्यामागचा प्रयोग बहुतेक वेळा एकच असतो. सीझियम-१३७ हा किरणोत्सारी पदार्थ एका छोट्या बंद नळीत पक्का धरून ठेवलेला असतो. त्याच्या विघटनातून सतत बेरियम-१३७एम तयार होत राहतं. नळीतून सौम्य आम्लमिश्रित मिठाच्या पाण्याचे काही थेंब ढकलले की पाण्याबरोबर बेरियम बाहेर येतं आणि सीझियम आतच राहतं. प्रयोगशाळेत या नळीला ‘काऊ’ आणि थेंब काढण्याला ‘मिल्किंग’ म्हणतात. सीझियमचं अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं, तर बेरियम-१३७एमचं २.५५ मिनिटं, म्हणजे १५३ सेकंद. एका तासिकेत सुरू होऊन संपणारा आणि नंतर भांड्यात जवळजवळ काही न उरणारा प्रयोग म्हणून तो शिक्षकांना सोयीचा वाटतो.

वरच्या तक्त्यात दर दुसऱ्या मिनिटाच्या सुरुवातीला ३० सेकंद मोजणी केली आहे, असं धरू. बेरियमचा प्रत्येक अणू पुढच्या मिनिटात विघटित होण्याची शक्यता कायम सारखीच असते. अणू जुना झाला म्हणून ती वाढत नाही. त्यामुळे दर मिनिटाला ठरावीक संख्या नव्हे, तर उरलेल्यांचा ठरावीक हिस्सा कमी होतो. मूळ आकड्यांचा आलेख काढला तर सुरुवातीला घसरत जाणारी आणि पुढे रेंगाळणारी वक्ररेषा मिळते. तिचा कल दर क्षणी बदलतो, म्हणून तिच्यावरून एक आकडा काढणं अवघड. लॉगॅरिदम मात्र गुणाकाराचं रूपांतर बेरजेत करतो. ठरावीक हिस्सा कमी होणं म्हणजे लॉगमधून ठरावीक रक्कम वजा होणं, आणि ठरावीक रक्कम वजा होत गेली की आलेख सरळ रेषा होतो. त्या रेषेच्या उतारात अर्धायुष्य दडलेलं असतं.

अर्नेस्ट रदरफर्डनं १९०० मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून थोरियमच्या संयुगांमधून निघणाऱ्या किरणोत्सारी वायूबद्दल लिहिलं, तेव्हा त्यानेही हेच पाहिलं होतं. वायूची क्रिया गुणोत्तराने घटते आणि साधारण मिनिटाभरात निम्मी होते. आज तो वायू रेडॉन-२२० म्हणून ओळखला जातो आणि त्याचं अर्धायुष्य ५५.६ सेकंद आहे.

लॉग घेण्याआधी मात्र एक वजाबाकी करावी लागते. भांड्यात बेरियमचा थेंबही नसताना गणक टिकटिकतच असतो. भिंतींतले खनिज अंश, वरून येणारे वैश्विक किरण यांची ती मोजणी. ३० सेकंदांत ती सरासरी १५ आहे असं धरू. प्रत्येक आकड्यातून १५ वजा केले आणि उरलेल्याचा नैसर्गिक लॉग घेतला की तक्ता असा होतो:

| मिनिटं | मोजणी | १५ वजा केल्यावर | नैसर्गिक लॉग |
|---|---|---|---|
| ० | १२३८ | १२२३ | ७.११ |
| २ | ६९९ | ६८४ | ६.५३ |
| ४ | ४२७ | ४१२ | ६.०२ |
| ६ | २६२ | २४७ | ५.५१ |
| ८ | १४३ | १२८ | ४.८५ |
| १० | १०४ | ८९ | ४.४९ |

शेवटच्या स्तंभात आकडे एकेका पायरीने उतरताना दिसतात. पायऱ्या काटेकोर सारख्या नाहीत: ०.५८, ०.५१, ०.५१, ०.६६, ०.३६. अनेक विद्यार्थी या पाच पायऱ्यांची सरासरी काढून मोकळे होतात, पण त्यात फसगत आहे. सलग फरकांची बेरीज केली की मधले सगळे आकडे एकमेकांना खोडून टाकतात आणि फक्त पहिला व शेवटचा उरतो. चार आकड्यांची मेहनत वाया जाते आणि उत्तर १५९ सेकंद येतं. त्याऐवजी सगळ्या बिंदूंमधून जास्तीत जास्त जवळून जाणारी रेषा काढावी. आलेख-कागदावर पट्टी ठेवून ती काढता येते, किंवा संगणकाच्या तक्त्यात A स्तंभात मिनिटं आणि B स्तंभात मोजणी भरून दोन सूत्रांत:

```
C2:  =LN(B2-15)
D2:  =-LN(2)/SLOPE(C2:C7,A2:A7)
```

पहिलं सूत्र C7 पर्यंत ओढायचं. रेषेचा उतार येतो दर मिनिटाला उणे ०.२६६. दोनचा नैसर्गिक लॉग ०.६९३. त्याला ०.२६६ने भागलं की २.६० मिनिटं, म्हणजे १५६ सेकंद.

इथे एक जुनी चूक हमखास होते. शाळेतल्या लॉग टेबलमधले लॉग दहाच्या पायावरचे असतात, आणि संगणकाच्या तक्त्यातलं LOG हे सूत्रही पाया सांगितला नाही तर दहाचाच पाया धरतं. दहाचा पाया वापरला तरी काही बिघडत नाही, फक्त मग वर ०.६९३ऐवजी ०.३०१ घ्यायला हवा. उतार एका पायाचा आणि वरचा आकडा दुसऱ्या पायाचा असं झालं, तर उत्तर सहा मिनिटांच्या आसपास येतं. तक्त्यात तर दोन मिनिटांतच मोजणी १२३८ वरून ६९९ वर आलेली असते. त्या एका नजरेने चूक पकडता येते.

पार्श्वभूमीची वजाबाकी विसरली तर चूक इतकी ठळक नसते, म्हणून ती जास्त घातक. वरच्याच आकड्यांतून १५ वजा न करता लॉग घेतले तर अर्धायुष्य १६५ सेकंद निघतं. सुरुवातीला १२३८मध्ये १५ म्हणजे काहीच नाही, पण शेवटी १०४मध्ये ते सातवा हिस्सा आहेत. म्हणून रेषेचं शेपूट वर उचललं जातं. मोजणी वीस मिनिटं चालवली तर हे डोळ्यांनी दिसतं, कारण बिंदू खाली उतरायचे थांबून आडवे पसरतात. नळीतून थोडं सीझियम गळून थेंबांत आलं असेल तरीही शेपूट असंच आडवं होतं. यावर चांगला उपाय म्हणजे तेच भांडं तसंच गणकाखाली ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा मोजणं. तोपर्यंत बेरियम सुमारे साडेतीन हजारावा भाग उरतं, आणि जे मोजलं जातं त्यात पार्श्वभूमी आणि गळती दोन्ही येतात. वजा करायचा आकडा तो.

रेषेचं दुसरं टोक वाकलं तर कारण वेगळं. गायगर नळी एक टिपका नोंदवल्यावर साधारण एक दशसहस्रांश सेकंद आंधळी होते. वरच्या तक्त्यात सुरुवातीला सेकंदाला चाळीसेक टिपके आहेत, तेव्हा अर्धा टक्काही बुडत नाही. पण ताजे थेंब नळीला टेकवून सेकंदाला हजार टिपके मोजले, तर दहापैकी एक हुकतो आणि आलेखाचे पहिले बिंदू रेषेच्या खाली जातात. ते वगळून पुढच्यांवर उतार काढणं योग्य.

आता प्रश्न स्क्रीनशॉटचा. त्यात आकडे अक्षरांसारखे वाचावे लागतात आणि धूसर चित्रात ६चा ० किंवा ८ होतो. समजा, २६२ चुकून २०२ वाचले. १५ वजा करून लॉग ५.२३ येतो, तर त्या जागी रेषा ५.४९ सांगते. फरक पाव एककाचा. हा फरक मोठा की छोटा, हे ठरवायलाही साधं माप आहे. मोजणीतला नैसर्गिक चढउतार तिच्या वर्गमुळाइतका असतो. २६२चं वर्गमूळ सोळा, म्हणजे उरलेल्या २४७च्या साडेसहा टक्के, आणि लॉगमध्ये साधारण ०.०७. बिंदू त्याच्या जवळजवळ चौपट ढळला आहे, तेव्हा चित्र मोठं करून तो अंक पुन्हा पाहायलाच हवा. १२३८चे १२८८ वाचले तर मात्र लॉग ०.०४ने बदलतो आणि रेषेला काहीच कळत नाही. त्याने बिघडतंही थोडंच: अर्धायुष्य एक टक्क्याने सरकतं.

एक चूक रेषाही सांभाळून घेत नाही. गणक प्रत्येक वेळी शून्यावर न आणता चालूच ठेवला असेल, तर तक्त्यातले आकडे वाढत जातात आणि सलग दोन नोंदींची वजाबाकी करूनच प्रत्येक कालखंडाची मोजणी मिळते. हे कालखंड सारख्या लांबीचे असले पाहिजेत. सारखे असतील तर मोजणी ३० सेकंदांची असो वा ६० सेकंदांची, सगळे लॉग एकाच रकमेने सरकतात आणि उतार तोच राहतो. एक नोंद ३० सेकंदांची आणि पुढची मिनिटाची असेल, तर मात्र आधी दोन्ही एका मापात आणायला हवीत. स्तंभाच्या मथळ्यात मिनिटाचा दर लिहिलाय की मोजणी, हे म्हणूनच सर्वात आधी वाचायचं.

वर्गमुळाचं तेच माप उत्तरालाही लागतं. शेवटच्या ८९मध्ये दहाचा चढउतार म्हणजे साडेअकरा टक्के. पहिल्या बिंदूत तो तीन टक्क्यांहून कमी. सहाही बिंदूंची अनिश्चितता उतारापर्यंत नेली तर ती साडेतीन टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून उत्तर १५६ सेकंद, अधिक-उणे सहा, असं लिहायचं. खरे १५३ सेकंद या पट्ट्यात बसतात. उत्तर १५६.२ असं दशांशासह लिहिणं मात्र आकड्यांना न पेलणारा दावा आहे.

ही पद्धत कुठे थांबते, तेही याच तक्त्यातून समजतं. नळीतल्या सीझियमचे टिपके दहा मिनिटं मोजले तर ते घटतात खरे, पण दहा लाखांत एक भागही नाही. वर्गमुळाचा चढउतार त्याला सहज गिळून टाकतो आणि लॉगचा आलेख आडवा दिसतो. इतक्या संथ पदार्थांसाठी उतार न शोधता वेगळा भागाकार करतात. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये किरणोत्सारी पोटॅशियम-४०चे अणू किती, हे वजनावरून आणि समस्थानिकाच्या प्रमाणावरून कळतं: सुमारे १.८ वर अठरा शून्यं जोडावीत इतके. त्यांतून सेकंदाला सुमारे ३१ विघटनं होतात. ३१ला अणूंच्या संख्येने भागलं की दर सेकंदाला कमी होणारा हिस्सा मिळतो आणि ०.६९३ला त्याने भागलं की अर्धायुष्य सुमारे सव्वाशे कोटी वर्षं निघतं.