लॅपटॉपवर स्वच्छ, पडद्यावर धूसर : स्लाइडवरचा फोटो का फुटतो?

प्रेझेंटेशन रात्री लॅपटॉपवर पाहिलं तेव्हा सगळं ठीक होतं. सकाळी प्रोजेक्टर सुरू झाला आणि फोटोतले चेहरे चौकोनी ठिपक्यांचे झाले, आलेखावरचे आकडे परीक्षकांना वाचता येईनात. अशा वेळी दोष बहुतेकदा प्रोजेक्टरला दिला जातो. खरं कारण मात्र स्लाइडवर टाकलेल्या फाइलमध्ये असतं.

आधी पिक्सेल मोजा

फुल एचडी प्रोजेक्टरवर आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके, म्हणजेच पिक्सेल असतात. फोटो पूर्ण स्लाइडभर हवा असेल तर त्याची रुंदी किमान 1920 पिक्सेल हवी. अर्ध्या स्लाइडवर असेल तर 960 पुरतात. फोनच्या गॅलरीत फोटोच्या तपशिलात, तर लॅपटॉपवर फाइलच्या ‘Properties’मध्ये ही रुंदी दिसते. तिथेच लिहिलेल्या 72 किंवा 300 डीपीआयकडे लक्ष देऊ नका. तो आकडा छपाईसाठी असतो, पडद्यावर फक्त पिक्सेल मोजले जातात.

एक उदाहरण पाहू. प्रकल्पाच्या गटाचा फोटो मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला. तिथे तो लहान होऊन 1600 पिक्सेल रुंदीचा झाला. त्यातले मधले चौघेच हवे म्हणून तुम्ही कडा कापल्या आणि 480 पिक्सेल उरले. हा तुकडा स्लाइडभर ताणला की मूळ एका पिक्सेलला पडद्यावरचे आडवे चार आणि उभे चार, असे सोळा ठिपके व्यापावे लागतात. फोटो फुटतो तो इथे.

मित्राच्या फोनमध्ये मूळ फोटो 4000 पिक्सेल रुंद आहे. तोच तुकडा त्यातून कापला तर 1200 पिक्सेल मिळतात, म्हणजे अर्ध्या स्लाइडसाठी पुरून उरतात. त्यामुळे फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ई-मेलने मागवा. मूळ फोटो मिळतच नसेल, तर 480 पिक्सेलचा तुकडा स्लाइडच्या पाव रुंदीएवढाच ठेवा. लहान दिसेल, पण स्वच्छ दिसेल.

फोटो जेपीजी, आलेख पीएनजी

पिक्सेल पुरेसे असूनही अक्षरांभोवती धुरकट डाग दिसत असतील, तर फाइलचा प्रकार चुकला आहे. जेपीजी फाइल लहान करण्यासाठी चित्राचे छोटे चौकोन पाडते आणि प्रत्येकातला बारीक तपशील गाळते. झाडं, चेहरे, आकाश यांत हे सहसा डोळ्यांना जाणवत नाही. काळं अक्षर आणि पांढरी पार्श्वभूमी यांची सीमा मात्र तीक्ष्ण असते, म्हणून डाग तिथेच उमटतात. पुन्हा पुन्हा जेपीजीमध्ये सेव्ह केल्यास ते वाढत जातात.

म्हणून कॅमेऱ्याचा फोटो जेपीजीमध्ये चालेल. आलेख, स्क्रीनशॉट, तक्ता मात्र पीएनजीमध्ये घ्या, कारण पीएनजी तपशील गाळत नाही. संस्थेचा लोगो एसव्हीजीमध्ये मिळाला तर उत्तम. त्यात पिक्सेल नसतात, रेषांचं वर्णन असतं, त्यामुळे कितीही मोठा केला तरी कडा स्वच्छ राहतात. पॉवरपॉइंटच्या नव्या आवृत्त्या तो थेट घेतात. डाग पडलेली जेपीजी पीएनजीमध्ये बदलून मात्र काही साधत नाही. गेलेला तपशील परत येत नाही, फक्त फाइल जड होते.

फाइल चांगली, तरी धूसर?

मूळ चित्र लॅपटॉपवर 100 टक्के आकारात उघडून पाहा. तिथेच ते धूसर असेल तर दुसरी फाइल शोधा. तिथे स्वच्छ आणि स्लाइडवर धूसर असेल, तर पॉवरपॉइंटने ते लहान केलं असण्याची शक्यता आहे. चित्र स्लाइडवर जेवढं दिसतं त्या मापाने सेव्ह करताना ते दाबलं जाऊ शकतं. समजा मर्यादा इंचाला 220 पिक्सेलची आहे. चित्र दोन इंच रुंद ठेवून सेव्ह केलं, तर त्यात 440 पिक्सेल उरतील. नंतर तेच स्लाइडभर ओढलं की फुटणारच.

विंडोजवर उपाय असा: ‘File’, ‘Options’, ‘Advanced’ या क्रमाने जा. ‘Image Size and Quality’खाली ‘Do not compress images in file’समोर खूण करा. ही खूण त्या प्रेझेंटेशनपुरतीच असते आणि चित्रं टाकण्याआधी करायची असते. आधीच दाबलेली चित्रं काढून मूळ फाइलमधून पुन्हा घालावी लागतील. प्रेझेंटेशनची फाइल यामुळे मोठी होईल, तेव्हा ई-मेलऐवजी पेन ड्राइव्हवर न्या.

शेवटची तपासणी लॅपटॉपवर पूर्ण स्क्रीनवर करा. संपादनाच्या खिडकीत स्लाइड लहान दिसते आणि फुटलेला फोटोही तिथे स्वच्छ भासतो. रात्रीची फसगत नेमकी तिथेच झालेली असते.