पाऊस कुठे, भाव कोणता?

एप्रिल महिना. निफाड तालुक्यातल्या शेतात उन्हाळ कांदा काढून पातीसकट वाळत पडलाय. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संदेश येतो : ‘उद्या जोरदार पाऊस, सावध राहा.’ खाली हात जोडल्याची चार चित्रं. हा संदेश आजचा की गेल्या वर्षीचा, हेही कळत नाही. पुढे ढकलल्या जाणाऱ्या संदेशातला ‘उद्या’ कधीच संपत नाही. म्हणून चांगला संदेश तारीख आणि वेळ लिहूनच सुरू होतो.

हवामान खात्याची भाषा नेमकी असते, पण ती उलगडावी लागते. ‘नाशिक जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, यलो अलर्ट’ असं पत्रक आलं, तर त्यातल्या ‘तुरळक’चा अर्थ थोडा पाऊस असा नव्हे. जिल्ह्यातल्या फार तर पाव भागात तो पडेल, एवढंच त्यातून कळतं. जिथे पडेल तिथे तो झोडपूनही काढू शकतो. पिवळा रंग ‘लक्ष ठेवा’ म्हणतो, नारंगी ‘तयारीत राहा’ आणि लाल ‘आता हालचाल करा’. ग्रुपवर हेच असं लिहिता येईल :

‘मंगळवार, दुपारी 2 ते रात्री 8. जिल्ह्यात काही ठिकाणीच वीज-वाऱ्यासह पाऊस. आपल्या गावात होईलच असं नाही. वाळलेला कांदा दुपारच्या आत गोळा करून ताडपत्री टाका. पाऊस उघडला की ताडपत्री काढा, नाहीतर आत वाफ धरून कांदा सडेल. वीज कडाडत असताना झाडाखाली थांबू नका.’

‘होईलच असं नाही’ हे वाक्य गाळायचा मोह होतो. ते गाळलं आणि दोनदा पाऊस हुकला, तर तिसऱ्या वेळी ताडपत्री कोणी बाहेर काढत नाही.

बाजारभावाची गंमत वेगळीच. बाजार समित्या किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर देतात, ग्रुपवर मात्र कमालच फिरतो. समजा, लासलगावला क्विंटलला किमान 700, कमाल 1,900 आणि सर्वसाधारण 1,350 रुपये निघाले. 20 क्विंटलची ट्रॉली भरताना डोक्यात 38,000 असतात; बहुतेक माल ज्या दराच्या आसपास गेला, त्याने हिशेब केला तर हाती 27,000 येतात. त्यातून गाडीभाडं वजा. कमाल दर एखाद्या निवडक वक्कलाला मिळालेला असू शकतो आणि गोल्टीचा दर तर वेगळाच असतो.

त्यामुळे भावाच्या संदेशात बाजार, तारीख, मालाची प्रत, आवक आणि तिन्ही दर हवेत. एका ओळीत हे सगळं मावतं. लिलाव बंद असेल तर ते सर्वात वर लिहावं, कारण भरलेली ट्रॉली परत आणण्याचं भाडं शेतकऱ्याच्याच खिशातून जातं.