चित्रात दिसणारा ठेका

घरातल्या एका जुन्या लग्नाच्या कॅसेटवर मांडवातल्या गोंगाटात एक भावगीत अकरा सेकंद ऐकू येतं. शब्द एकही लागत नाही. गाणं ओळखणाऱ्या ॲपनं हात टेकले, तेव्हा मी तो तुकडा ऑडॅसिटीत उघडला आणि त्याचा स्पेक्ट्रोग्राम काढला. यात डावीकडून उजवीकडे वेळ सरकते, खालून वर स्वराची उंची वाढते आणि आवाज जितका जोरकस तितका रंग उजळ दिसतो.

चित्राच्या तळाशी डग्ग्याचा घुमार जाड डागांसारखा उमटला होता. 'धा गे ना'पाशी डाग, 'ति न क'ला मोकळी जागा, मग 'धि'ला पुन्हा डाग. हा केरवा! एका 'धा'पासून पुढच्या 'धा'पर्यंत मोजलं, तर प्रत्येक आवर्तन 2.06 सेकंदांचं भरलं. संशय होता त्या गाण्याच्या चांगल्या प्रतीत मात्र ते नेमकं 2 सेकंदांचं होतं. म्हणजे कॅसेट तीन टक्के हळू फिरत असावी.

तसं असेल, तर सूरही तेवढाच उतरायला हवा. पेटीचा स्वर चित्रात एकावर एक आडव्या रेघांच्या शिडीसारखा दिसतो. सर्वांत खालची रेघ मूळ स्वराची, वरच्या तिच्या दुप्पट, तिप्पट अशा चढत जातात. खालच्या रेघेवर थोडा फरक नीट मोजता येत नाही, म्हणून मी पाचवी रेघ धरली. चांगल्या प्रतीत ती 2200 हर्ट्झवर होती, कॅसेटवर 2135च्या आसपास. इथंही तीनच टक्के! लय तेवढी बदलली असती आणि सूर तोच राहिला असता, तर ते दुसरंच गायन-वादन असण्याची शक्यता जास्त होती.

मोजताना विंडो साइझ बदलत राहावं लागतं. 4096 ठेवली की स्वराच्या रेघा बारीक होतात, पण तबल्याचे ठोके पसरट दिसतात. 1024 वर ठोके सुटे दिसतात आणि रेघा जाड होतात. म्हणून लय एका चित्रावर मोजायची, सूर दुसऱ्यावर.

एवढ्यानं गाणं सिद्ध होत नाही, कारण हाच केरवा शेकडो गाण्यांत वाजतो. सारख्या आवर्तनांनी मला मोजपट्टी दिली. गाण्याची ओळख शोधायची ती आवर्तन जिथं मोडतं तिथं. हाडामांसाचा तबलजी दोन आवर्तनं तंतोतंत सारखी वाजवत नाही. तिसऱ्या आवर्तनात 'धि'चा डाग गायब होता आणि त्याच जागी गायिकेच्या श्वासाचा पुसट, उभा धुरकट पट्टा होता. चांगल्या प्रतीचा वेग तीन टक्क्यांनी कमी केला, दोन्ही चित्रं एकाखाली एक लावली आणि दुसऱ्या कडव्याआधी तो रिकामा 'धि' आणि तो श्वास जागच्या जागी सापडले.