एका चौसष्टांशाचे सहा आकडे

अमेरिकन ड्रॉइंगवर काम करणाऱ्या मशीन शॉपच्या भिंतीवर ड्रिलच्या मापांचा एक तक्ता हमखास लावलेला असतो. १/६४ पासून १ पर्यंत इंचाचे चौसष्ट भाग, आणि प्रत्येकासमोर त्याची दशांशातली किंमत. हल्ली तो तक्ता भिंतीजवळ जाऊन कोणी वाचत नाही. त्याचा फोटो फोनवर येतो आणि त्या फोटोवरून माप संगणकात चढतं. असंच एक माप घेऊ: १ ३७/६४ इंच. चौसष्टांशाची दशांशातली किंमत सहा आकड्यांची असते, म्हणून ते १.५७८१२५ असं लिहावं लागतं. शेवटचा ५ सोडून दिला तर नेमकं किती सुटतं?

दशांश चिन्हानंतरचं सहावं घर म्हणजे इंचाचा दहा लाखावा भाग. १ इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, त्यामुळे हे घर २५.४ नॅनोमीटरचं झालं. शेवटचा ५ म्हणजे १२७ नॅनोमीटर, साधारण एका करोना विषाणूच्या व्यासाएवढं अंतर. माणसाच्या केसाची जाडी याच्या कित्येक शे पट असते, ती तिसऱ्या घरातच संपते. सुताराच्या पट्टीवरचा इंच सहा वेळा निम्मा केला की कागदावरचा हिशेब विषाणूंच्या जगात उतरतो.

सहाच घरं का, तेही पाहण्यासारखं आहे. दर वेळी निम्मं करताना दशांशात एक आकडा वाढतो: ०.५, ०.२५, ०.१२५, ०.०६२५, ०.०३१२५, ०.०१५६२५. आपले सुतार आणि फिटर ज्याला सूत म्हणतात तो इंचाचा आठवा भाग तीन आकड्यांत संपतो, सोळावा चार आकड्यांत, चौसष्टावा सहा आकड्यांत. छेदात दोनाशिवाय दुसरा अवयव नाही म्हणून दशांश नेमका थांबतो, आणि अंश विषम असला तर नेहमी ५ वरच थांबतो. म्हणजे हे सहा आकडे अंदाज नाहीत, पूर्ण सत्य आहेत. त्यातला एकही काढला की उरतो तो अंदाज.

आता एक पट्टी घ्या. तिच्यावर एका ओळीत ४१ भोकं पाडायची आहेत, दोन भोकांमधलं अंतर १ ३७/६४ इंच. अंतरं ४०. फोटोवरून माप घेणाऱ्याने १.५८ लिहिलं. चूक फक्त ०.००१८७५ इंचाची, अर्ध्या दशांश मिलिमीटरपेक्षाही कमी. पण प्रत्येक भोक आधीच्या भोकापासून मोजलं तर ही चूक चाळीस वेळा साठते आणि शेवटचं भोक ०.०७५ इंच पुढे जातं. म्हणजे १.९०५ मिलिमीटर. भोक ९/३२ इंचाचं आणि बोल्ट पाव इंचाचा असेल, तर जोडीच्या बरोबर पाडलेल्या पट्टीशी जुळताना दोन भोकांत १/३२ इंचापर्यंत सरक चालते. पहिलं भोक अचूक जुळवलं तर सतरा भोकांपर्यंत बोल्ट सहज उतरतील. अठराव्याला अडतील.

तीन घरांपर्यंत, म्हणजे १.५७८ लिहिलं तर शेवटच्या भोकाची चूक ०.००५ इंच. १.५७८१ लिहिलं तर ०.००१. सहाही घरं लिहिली तर शून्य, आणि एकूण लांबी नेमकी ६३.१२५ इंच, म्हणजे ६३ इंच आणि एक सूत. अपूर्णांकातच गुणाकार केला असता तर हे आणखी सोपं झालं असतं. १ ३७/६४ म्हणजे १०१/६४. त्याला ४० ने गुणलं की ४०४०/६४, आणि भागाकार एकदाच, शेवटी. अंश आणि छेद हे पूर्णांक असतात, त्यांच्या गुणाकारात काहीच गळत नाही. गळती फक्त दशांश छाटताना होते, म्हणून छाटणी एकदाच आणि सगळ्यात शेवटी करायची.

पण या सगळ्या नॅनोमीटरांना अर्थ येतो तो फोटोतलं माप बरोबर वाचलं गेलं तरच. दशांश छाटल्याने हजारांश इंच जातो, चुकीच्या वाचनाने पाव इंच जातो. ३/८ हे ५/८ वाचलं की बरोबर पाव इंच, ६.३५ मिलिमीटर. त्याहून घातक असते पूर्णांक आणि अपूर्णांक यांच्यामधली मोकळी जागा. तिरप्या कोनातून काढलेल्या, आकुंचित होऊन आलेल्या फोटोत ती जागा मिटते आणि १ ३/१६ चे १३/१६ होतात. ही दोन्ही मापं खरी असतात, ड्रॉइंगवर दोन्ही सापडतात, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. फरक मात्र ३/८ इंचाचा. संगणकाच्या तक्त्यात वेगळाच प्रकार होतो. आपल्याकडची तारीख लिहिण्याची पद्धत लावलेल्या एक्सेलमध्ये कोऱ्या घरात ३/८ असं टाइप केलं की ते ३ ऑगस्ट होतं, आणि त्या तारखेमागे साठवलेला आकडा २०२४ सालासाठी ४५५०७ असतो. पाऊण इंचाच्या निम्म्या मापाचे साडेपंचेचाळीस हजार. म्हणून अपूर्णांक सूत्र म्हणून लिहावा:

```
=1+37/64
```

घरात १.५८ दिसलं तरी आत १.५७८१२५ शाबूत राहतं. धोका येतो तो दिसणारा आकडा तेवढा उचलून दुसरीकडे लिहिल्यावर.

वाचन बरोबर आहे का, हे ताडायला तक्ताच साक्षीदार असतो, कारण त्यात प्रत्येक माप दोनदा लिहिलेलं असतं: एकदा अपूर्णांकात, एकदा दशांशात. दशांशाला ६४ ने गुणा. पूर्ण संख्या आली पाहिजे. पुष्कळ छापील तक्त्यांत जागेसाठी चारच घरं असतात, ३७/६४ समोर ०.५७८१. त्याला ६४ ने गुणलं की ३६.९९८४ येतात, म्हणजे ३७. फोटोत तिथे ८ ऐवजी ३ दिसला असता तर ०.५७३१ ला गुणून ३६.६८ आले असते. असं माप चौसष्टांशांत नाहीच, तेव्हा वाचन चुकलं हे ठरलं. सहा घरांची मापं असतील तर ही चाळणी विलक्षण बारीक होते. दशांश चिन्हापुढच्या सहा घरांत दहा लाख वेगवेगळ्या संख्या लिहिता येतात. त्यांतल्या चौसष्टांशांच्या फक्त ६४. पहिल्या घरातला आकडा बरोबर ५ ने चुकला तर सोडून, कोणताही एखादा आकडा चुकला की संख्या या चौसष्टांमधून बाहेर पडते.

गुणाकाराचा कंटाळा असेल तर नवाचा ताळा आहे, आणि तो इथे फारच सुंदर बसतो. १ ३७/६४ म्हणजे १०१ चौसष्टांश. १०१ च्या अंकांची बेरीज २. आता १.५७८१२५ मधल्या अंकांची बेरीज करा: २९, मग ११, मग २. जुळलं. एका चौसष्टांशाच्या १५६२५ ला नवाने भागलं की बाकी १ उरते, म्हणून सहा घरं पूर्ण लिहिलेल्या कुठल्याही चौसष्टांशाला हा ताळा लागू पडतो. आकड्यांची अदलाबदल मात्र यात पकडली जात नाही. ५७८१२५ चं ५८७१२५ झालं तर बेरीज तीच राहते. तिथे ६४ ची चाळणीच लावावी लागते.

याच चाळणीने एक हरवलेली गोष्ट परतही मिळते. कोणी नुसतं १.५८ लिहून ठेवलं असेल आणि मूळ माप चौसष्टांशांत होतं हे माहीत असेल, तर १.५८ गुणिले ६४ म्हणजे १०१.१२, जवळची पूर्ण संख्या १०१, आणि मूळ माप जसंच्या तसं हातात. १.६ लिहिलं असेल तर १०२.४ येतात आणि १०२ कडे हात जातो. माप कायमचं गेलं.

सहाही घरं राखायची ती हिशेबासाठी. लोखंड तेवढं अचूक कापलं जात नाही. पोलादाची १.५७८१२५ इंचाची लांबी तापमान एक अंशाने वाढलं की सुमारे ०.००००१८ इंचाने वाढते. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात शेडमध्ये ४० अंश झाले की चौथं घरच बदलतं. शिवाय अमेरिकन ड्रॉइंगवर दशांशाची घरं किती आहेत यावरून किती चूक चालेल हे ठरवलेलं असतं, पुष्कळदा दोन घरांना ०.०१ इंच आणि तीन घरांना ०.००५. तिथे सहा घरं उतरवली तर नसलेली सक्ती कारागिरावर लादली जाते. म्हणून फोटोतला अपूर्णांक जसाच्या तसा एका रकान्यात, पूर्ण दशांश दुसऱ्यात आणि ड्रॉइंगला हवी तेवढी घरं तिसऱ्यात.

मिलिमीटरकडे जातानाही दशांश थांबतो: १ ३७/६४ इंच म्हणजे ४०.०८४३७५ मिलिमीटर, बरोबर. उलट दिशेने मात्र तो थांबत नाही. एक मिलिमीटर म्हणजे ५/१२७ इंच, आणि १२७ ही मूळ संख्या दशांशात बसत नाही. ०.०३९३७००७८७… असे आकडे येत राहतात आणि ४२ आकड्यांनी तीच रांग पुन्हा सुरू होते. व्यवहारात सगळे ०.०३९३७ वर थांबतात. त्यात सुटतात ते दहा लाखांतले दोन भाग.

इतकाच फरक अमेरिकेच्या जमिनीत साठ वर्षांहून अधिक काळ राहिला. १८९३ मध्ये तिथे मीटर ३९.३७ इंचांचा ठरवला गेला, म्हणजे फूट १२००/३९३७ मीटरचा. १९५९ मध्ये इंच २५.४ मिलिमीटरचा झाला आणि फूट ०.३०४८ मीटरचा, पण जमीन मोजणीसाठी जुना फूट तसाच ठेवला. दोन फुटांमधला फरक ६१० नॅनोमीटर, नारिंगी प्रकाशाच्या एका तरंगलांबीएवढा. एका मैलाला तो एक सूत होतो. सर्वेक्षणातली एखादी जागा मूळ बिंदूपासून वीस लाख फुटांवर नोंदलेली असली आणि कोणता फूट हे लिहायचं राहिलं, तर जागा चार फूट सरकते. २०२२ च्या अखेरीला अमेरिकेने जुना फूट अधिकृतपणे बंद केला. जुन्या नकाशांवरची अंतरं मीटरमध्ये आणताना मात्र आजही १२००/३९३७ हा अपूर्णांकच वापरावा लागतो, कारण त्याचा दशांश २१० आकड्यांनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि कुठेच संपत नाही.