शब्दाचे रूप आणि शब्दाचा अर्थ

५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथून मंगळयान अवकाशात झेपावले. एखाद्या शाळेने आपल्या संकेतस्थळावर ही तारीख '५/११/२०१३' अशी लिहिली, तर आपण ती नोव्हेंबरची पाचवी तारीख समजू. परंतु अमेरिकेतील वाचक तीच मे महिन्याची अकरावी समजेल. अक्षरे ठळक वा रंगीत केल्याने हा घोटाळा सुटत नाही. कारण रंग हे शब्दाचे रूप होय; शब्द कशाचा वाचक आहे, हे त्यातून कळत नाही.

ज्या एचटीएमएल या खूणभाषेत अशी पाने रचली जातात, तिच्यात यासाठी `time` ही खूण आहे:

```html
<time datetime="2013-11-05T14:38+05:30">५/११/२०१३,
दुपारी २ वाजून ३८ मिनिटे</time>
```

वाचकाला केवळ मराठी मजकूर दिसतो. `datetime` मधील मजकूर यंत्रासाठी असून त्यात वर्ष, महिना, दिवस हा क्रम ठरलेला आहे. शेवटचे `+05:30` हे भारतीय प्रमाणवेळेचे चिन्ह. त्यामुळे लंडनमध्ये तेव्हा सकाळचे ९ वाजून ८ मिनिटे झाली होती, हे यंत्र काढू शकते. ते चिन्ह गाळले, तर घड्याळाचा आकडा उरतो. तो कोणत्या देशातील घड्याळाचा, हे कळत नाही.

आपल्याकडे येथे एक चूक सहज घडते. `datetime` मध्ये देवनागरी अंक चालत नाहीत आणि शके कालगणनाही चालत नाही. ग्रेगोरियन तारीखच द्यावी लागते. चूक झाली तरी पान पूर्ववत दिसते, म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. नियम तपासणाऱ्या साधनातून पान काढले, म्हणजे देवनागरी अंकांचा दोष उघडा पडतो.

त्याच पानावर 'इस्रो' हा शब्द आला, तर `abbr` या खुणेने तो संक्षेप असल्याचे सांगता येते आणि `title` मध्ये 'भारतीय अंतराळ संशोधन संघटना' हे पूर्ण नाव ठेवता येते. मात्र ते बहुधा माउसचा बाण शब्दावर नेल्यावरच प्रकट होते. भ्रमणध्वनीवर बाण कोठला? तेव्हा पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव मजकुरातच लिहावे, हे बरे.

`cite` ही खूण कृतीच्या नावासाठी आहे. 'न्यूटनचा प्रिन्सिपिया' यात ती 'प्रिन्सिपिया'ला लागते, न्यूटनला नव्हे. तिच्यामुळे अक्षरे तिरकी होतात. देवनागरीत ती खुपत असल्यास सरळ करावीत, ग्रंथनामाची खूण तशीच राहते.

`mark` मात्र वाचकाच्या प्रयोजनाशी बांधलेली आहे. कोणी 'श्रीहरिकोटा' हा शब्द शोधीत आला, तर तो जेथे सापडेल तेथे ही खूण घालतात आणि शब्दामागे पिवळा रंग उमटतो. लेखकाने त्यावर भर दिला होता, असा तिचा अर्थ नाही. अंध वाचकांसाठी पान मोठ्याने वाचणारी साधने पुष्कळदा या खुणेविषयी मौन पाळतात. म्हणून शब्द किती ठिकाणी सापडला, हे वर एका वाक्यात लिहून ठेवावे.