एकच जिल्हा, एकच साल: पूरही आणि दुष्काळही

२२ जुलै २०२३. सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत ढगफुटीसारखा पाऊस कोसळला, नद्या गावांत घुसल्या, शेतं मातीसकट खरवडून गेली. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि त्या यादीत याच बुलढाणा जिल्ह्याचे दोन तालुके होते: बुलढाणा आणि लोणार.

बुलढाणेकराला यात फारसं नवल वाटत नाही. तो जिल्ह्याचे दोन भाग करूनच बोलतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. पूर आला तो घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. दुष्काळ पडला तो घाटावर. खरं नवल आहे ते सरकारी मोजपट्ट्यांचं.

अतिवृष्टी मोजतात ती महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात. तिथल्या पर्जन्यमापकात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस पडला, की अतिवृष्टी. एका दिवसात निकाल. दुष्काळाचं एकक मात्र तालुका, आणि त्याचा निकाल लागायला अख्खा पावसाळा जावा लागतो.

पूर्वी हा निकाल पैसेवारीवर लागे. पीक ५० पैशांच्या आत आलं की टंचाई. २०१६च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनंतर एकामागून एक कळा आल्या. पहिली कळ पावसाची: सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी पाऊस, किंवा तीन-चार आठवड्यांचा मोठा खंड. ती लागू झाली तर दुसरी: पेरणी किती झाली, जमिनीत ओल किती, धरणं-विहिरींत पाणी किती, आणि उपग्रहाला पिकं किती हिरवी दिसतात. शेवटी दहा टक्के गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून प्रत्यक्ष शेतात पाहणी. पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांवर गेलं तर दुष्काळ मध्यम, ५० टक्क्यांवर गेलं तर गंभीर.

त्या पहिल्या कळेतली खंडाची अट मला सगळ्यात शहाणी वाटते. बेरीज फसवी असते. एका रात्रीत धो-धो कोसळून वाहून गेलेलं पाणीही हंगामाच्या सरासरीत जमा होतं. मग ऑगस्ट कोरडा गेला तरी कागदावर तालुका ओलाच दिसतो. आणि २०२३चा ऑगस्ट तर १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

तरी तालुका हे एकक मोठंच. तालुक्याच्या एका कोपऱ्यात बरा पाऊस पडला, की दुसरा कोपरा सरासरीत झाकला जातो. म्हणून १० नोव्हेंबरला सरकारने आणखी एक यादी काढली. त्या ४० तालुक्यांबाहेरच्या ज्या मंडळांत पावसाळ्यात सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरच्या आत पाऊस झाला, तिथे 'दुष्काळसदृश परिस्थिती'. सवलती बऱ्याचशा त्याच, पण शब्द 'दुष्काळ' नव्हे. पुरासाठी वापरलेलं मंडळाचं माप अखेर दुष्काळालाही लावावं लागलं.